सोसायटीच्या छतावरील सौरसंच: सर्वसाधारण सभेत मांडायचा हिशेब

माननीय अध्यक्ष आणि सभासदहो, आजच्या विषयपत्रिकेत गच्चीवर सौरसंच बसवण्याचा विषय आहे. अशा विषयाची चर्चा बहुधा ठेकेदाराच्या दरपत्रकापासून सुरू होते आणि ‘इतके किलोवॅट, इतके लाख, इतक्या वर्षांत वसूल’ या तीन आकड्यांवर संपते. माझी विनंती अशी आहे की, दरपत्रक तूर्त बाजूला ठेवावे आणि सोसायटीच्या सामाईक मीटरची मागील बारा महिन्यांची बिले समोर घ्यावीत. संच किती मोठा हवा आणि त्याचे पैसे कधी सुटतील, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे छताच्या लांबी-रुंदीपेक्षा त्या बिलांतच अधिक आहेत.

सोयीसाठी आपण एक नमुना सोसायटी धरू. ती पुण्यात आहे, महावितरणची ग्राहक आहे, तिच्यात ४८ सदनिका आहेत आणि लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातील व आवारातील दिवे हे सगळे एकाच सामाईक मीटरवर चालते. या मीटरचा वापर महिन्याला सरासरी २,००० युनिट, म्हणजे वर्षाला २४,००० युनिट आहे. पुढचे सगळे गणित या सोसायटीचे आहे. आपले आकडे त्या जागी घालून ते पुन्हा करता येईल.

संच काम कसा करतो

पॅनेलमध्ये सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. त्यांच्यावर प्रकाश पडला की विद्युतप्रवाह निर्माण होतो, आणि हा प्रवाह एकदिश असतो. आपले पंप आणि दिवे प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतात, म्हणून मध्ये इन्व्हर्टर बसवावा लागतो. तो एकदिश प्रवाहाचे रूपांतर करतो आणि वीजकंपनीच्या पुरवठ्याशी ताळमेळ जुळवून ती वीज सोसायटीच्या मुख्य वीजवाटप पेटीत सोडतो. त्या क्षणी पंप किंवा लिफ्ट चालू असेल तर ही वीज आधी तिथे वापरली जाते. उरलेली नेट मीटरमधून बाहेर जाते आणि मीटर तिची वेगळी नोंद ठेवतो. रात्री आपण नेहमीप्रमाणे बाहेरून वीज घेतो. महिन्याच्या शेवटी घेतलेल्या युनिटांतून दिलेली युनिटे वजा होतात आणि उरलेल्या निव्वळ युनिटांवर बिल आकारले जाते.

यातून दोन गैरसमज दूर होतात. पहिला असा की, पंप दिवसाच चालवले पाहिजेत, नाहीतर सौर वीज वाया जाते. वेळेनुसार बदलणारा दर लागू नसलेल्या निवासी जोडणीत दुपारी दिलेले एक युनिट रात्री घेतलेल्या एका युनिटाची पूर्ण वजावट करते, त्यामुळे पंपाची वेळ बदलण्याची गरज नाही. दुसरा गैरसमज मात्र जास्त त्रासदायक ठरतो, कारण तो संच बसल्यानंतर पहिल्यांदा वीज गेली की उघड होतो. बॅटरी नसलेला असा संच पुरवठा खंडित होताच स्वतःहून बंद पडतो, मग बाहेर कितीही कडक ऊन असो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला उलट बाजूने येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टरमध्ये ही व्यवस्था सक्तीची असते. त्यामुळे भारनियमनात लिफ्ट चालवण्यासाठी जनरेटर लागणारच. इन्व्हर्टरची जोडणीही अशा जागी हवी की जनरेटर सुरू असताना सौर वीज त्याच्या बाजूला जाणार नाही. ही गोष्ट ठेकेदाराकडून आराखड्यावर दाखवून घ्यावी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलवर छापलेले ५४० वॅट हे २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. उन्हाळ्यात पॅनेलच्या पृष्ठभागाचे तापमान ६० अंशांपर्यंत सहज पोहोचते आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण एक तृतीयांश टक्क्याने घटते. म्हणून १५ किलोवॅटच्या संचाच्या पडद्यावर भर दुपारी ११-१२ किलोवॅट दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. आपल्या भागात एका किलोवॅटमागे दिवसाला वर्षभराच्या सरासरीने सुमारे ४ युनिट धरावीत. मार्च-एप्रिलमध्ये ती ५ च्या आसपास जातात आणि जुलै-ऑगस्टमध्ये अडीचपर्यंत, कधी त्याहूनही खाली येतात.

पहिली पायरी: बिल वाचणे

सोसायटीची सामाईक जोडणी निवासी दरात मोडते आणि या दरात टप्पे असतात: पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग आणि ५०० च्या पुढची सर्वांत महाग. ऊर्जा आकार, वहन आकार आणि वीज शुल्क मिळून प्रत्येक टप्प्याचा खरा दर काढावा लागतो. राज्य विद्युत नियामक आयोगाच्या आदेशानुसार हे दर बदलत असल्यामुळे आपण गोल आकडे धरू: पहिल्या टप्प्याला ६, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १५ आणि शेवटच्याला १७ रुपये प्रति युनिट. आपल्या ताज्या बिलावरून हे चार आकडे खजिनदारांनी सभेपूर्वी काढून ठेवावेत.

नमुना सोसायटीचे २,००० युनिटांचे बिल या दरांनी असे होते: पहिल्या १०० चे ६००, पुढच्या २०० चे २,४००, त्यापुढच्या २०० चे ३,००० आणि उरलेल्या १,५०० चे २५,५०० रुपये, एकूण ३१,५०० रुपये. याशिवाय स्थिर आकार असतो. तो सौरसंचाने जात नाही, म्हणून बिल पूर्णपणे शून्य होईल असे आश्वासन कोणी देत असेल तर ते मान्य करू नये.

आता मुख्य मुद्दा. सौर युनिटे बिलातून वजा होताना वरच्या, म्हणजे महागड्या टोकापासून वजा होतात. त्यामुळे संचाचे पहिले किलोवॅट १७ रुपयांची युनिटे वाचवतात आणि शेवटचे किलोवॅट ६ रुपयांची. संच मोठा करत गेलो की प्रत्येक पुढच्या किलोवॅटची कमाई घटत जाते, खर्च मात्र घटत नाही.

तीन आकार तपासून पाहू. १० किलोवॅटचा संच महिन्याला सुमारे १,२०० युनिटे देईल. बिल ८०० युनिटांवर येईल आणि वाचलेली सगळी १,२०० युनिटे १७ रुपयांची असतील, म्हणजे महिन्याची बचत २०,४०० रुपये. १५ किलोवॅटचा संच १,८०० युनिटे देईल, बिल २०० युनिटांवर येईल. त्या २०० युनिटांचे १,८०० रुपये भरावे लागतील आणि बचत २९,७०० रुपये होईल. २० किलोवॅटचा संच २,४०० युनिटे देईल, पण आपला वापरच २,००० चा असल्यामुळे बचत ३१,५०० रुपयांवर थांबेल. म्हणजे १५ वरून २० किलोवॅटवर जाण्यासाठी जे पाच किलोवॅट आपण विकत घेऊ, ते महिन्याला जेमतेम १,८०० रुपये वाचवतील.

उरलेल्या ४०० युनिटांचे काय, हा प्रश्न साहजिक आहे. जास्तीची युनिटे पुढच्या महिन्यात जमा होतात, मात्र हा हिशेब आर्थिक वर्षापुरताच चालतो. ३१ मार्चला जी युनिटे शिल्लक राहतात ती वीजकंपनी विकत घेते, पण आपल्या बिलातील दरापेक्षा खूपच कमी दराने. आपण ३ रुपये धरले तरी वर्षाच्या ४,८०० युनिटांचे १४,४०० रुपये होतात. म्हणून वाढीव पाच किलोवॅटची वर्षाची कमाई बचतीचे २१,६०० आणि विक्रीचे १४,४०० मिळून ३६,००० रुपये, तर पहिल्या १५ किलोवॅटची वर्षाची कमाई ३,५६,४०० रुपये आहे.

काही दरपत्रकांत एकूण उत्पादनाला सर्वांत वरच्या दराने गुणलेले आढळते. २० किलोवॅटच्या संचाची २८,८०० युनिटे गुणिले १७ केले तर वर्षाला ४,८९,६०० रुपयांची बचत दिसते. खरा आकडा वर काढल्याप्रमाणे ३,९२,४०० आहे. जवळजवळ एक लाखाचा हा फरक दरवर्षीचा आहे. दरपत्रकात बचतीचा आकडा असेल तर तो कोणत्या दराने आला, एवढा एकच प्रश्न सभेत विचारावा.

दुसरी पायरी: मीटर आणि मंजूर भार

ज्या सोसायट्यांत प्रत्येक इमारतीचा सामाईक मीटर वेगळा असतो, तिथे वरचे गणित प्रत्येक मीटरसाठी स्वतंत्रपणे करावे लागते, कारण टप्पे प्रत्येक मीटरवर पहिल्यापासून मोजले जातात. ज्या मीटरचा वापर सर्वांत जास्त, तिथे संच आधी बसवावा. संचाची क्षमता त्या जोडणीच्या मंजूर भारापेक्षा सामान्यतः जास्त ठेवता येत नाही. हा भार बिलावर छापलेला असतो. जोडणी सोसायटीच्या नोंदणीकृत नावावर आहे का, हेही त्याच वेळी पाहावे. अनेक ठिकाणी ती अजून बांधकाम व्यावसायिकाच्या नावावर असते आणि अर्ज तिथेच अडकतो.

सभासदांच्या स्वतःच्या सदनिकांची बिले या संचामुळे कमी होणार नाहीत, हे स्पष्ट सांगितलेले बरे. फायदा देखभाल खर्चात दिसेल.

तिसरी पायरी: गच्ची आणि सावली

एका किलोवॅटला साधारण ८० ते १०० चौरस फूट मोकळी जागा लागते, म्हणून १५ किलोवॅटसाठी, म्हणजे ५४० वॅटच्या २८ पॅनेलसाठी, १,२०० ते १,५०० चौरस फूट धरावेत. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, १५ ते २० अंशांच्या उतारावर बसवतात. जागा मोजणे सोपे आहे, खरी तपासणी सावलीची असते.

पॅनेल एकामागोमाग एक साखळीत जोडलेले असतात, त्यामुळे एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली सावली तेवढ्याच कोपऱ्याचे नुकसान करून थांबत नाही, तर साखळीचे उत्पादन खाली ओढू शकते. सावली सर्वांत लांब पडते ती डिसेंबरच्या अखेरीस. पुण्यात त्या दिवसांत गच्चीपासून ३ मीटर उंच असलेल्या पाण्याच्या टाकीची सावली भर दुपारी उत्तरेकडे पावणेतीन मीटर पडते, पण सकाळी नऊ वाजता तीच सावली वायव्येच्या अंगाला सुमारे सात मीटरपर्यंत पसरते. जमल्यास डिसेंबरात सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार अशा तीन वेळी टाकी, लिफ्टची खोली आणि शेजारची इमारत यांच्या सावल्यांच्या कडा खडूने आखाव्यात. तिन्ही वेळी जी जागा सावलीबाहेर राहते तीच पॅनेलची जागा. इतर महिन्यांत सभा असेल तर ठेकेदाराकडून वर्षभराचा सावलीचा आराखडा मागावा आणि त्यात शेजारी उभ्या राहत असलेल्या इमारती धरल्या आहेत का ते पाहावे.

गच्चीची गळती असेल तर वॉटरप्रूफिंग आधी करून घ्यावे. संच बसल्यानंतर सांगाड्याच्या पायांभोवती काम करणे महागात पडते, आणि नंतर गळती झाली तर वॉटरप्रूफिंगवाला आणि सौरवाला एकमेकांकडे बोट दाखवतात. उंच सांगाडा केला तर खाली गच्ची वापरता येते, पण वाऱ्याचा जोर वाढतो, त्यामुळे सांगाड्याचे आणि इमारतीवरील भाराचे प्रमाणपत्र संरचना अभियंत्याकडून घ्यावे. लोखंड गरम जस्तात बुडवून मुलामा दिलेले असावे. नुसता रंग दोन-तीन पावसाळ्यांत उतरतो.

चौथी पायरी: पैसे आणि परतफेड

उंच सांगाड्यासह आणि करासह किलोवॅटमागे ६०,००० रुपये धरले तर १५ किलोवॅटचा खर्च ९ लाख रुपये येतो. केंद्र सरकारच्या २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान ठरवण्यात आले. त्याप्रमाणे २ लाख ७० हजार रुपये मिळतील आणि निव्वळ खर्च ६ लाख ३० हजार राहील. अनुदानासाठी पॅनेल देशात बनवलेलेच लागतात, आणि ते काम पूर्ण झाल्यावर सोसायटीच्या खात्यात जमा होते. म्हणून आधी पूर्ण ९ लाखांची तरतूद हवी. सिंकिंग फंडाला हात लावण्याचा विचार असेल तर उपविधींतील अटी आधी तपासाव्यात.

आता वर्षाचा खर्च. धुलाई व देखभालीचे २०,०००, विम्याचे ५,००० आणि इन्व्हर्टर साधारण दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो म्हणून त्यासाठी दरवर्षी बाजूला ठेवायचे १०,०००, असे ३५,००० रुपये धरू. ३,५६,४०० मधून ते वजा केले तर ३,२१,४०० रुपये उरतात आणि अनुदानासह परतफेड सुमारे दोन वर्षांत होते.

हा आकडा मी सभेपुढे असाच ठेवणार नाही. वरची बचत प्रत्येक महिना सारखा धरून काढली आहे. प्रत्यक्षात जुलैत १५ किलोवॅटमधून १,१०० युनिटेच मिळतील, बिल ९०० युनिटांवर जाईल आणि महागड्या टप्प्यातील युनिटे पुन्हा भरावी लागतील. एप्रिल-मे महिन्यांत जमा झालेली थोडी युनिटे तिथे उपयोगी पडतात, आणि आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते हे त्या दृष्टीने आपल्या सोयीचेच आहे. धूळ, सावली आणि बंद पडण्याचे दिवसही असतात. म्हणून उत्पादन दहा टक्क्यांनी कमी धरावे. मग महिन्याला १,६२० युनिटे मिळतात, बिल ३८० युनिटांवर येते, त्याचे ४,२०० रुपये भरावे लागतात आणि बचत २७,३०० रुपये होते. खर्च वजा जाता वर्षाला २,९२,६०० रुपये. अनुदान मिळाले तर परतफेड सव्वादोन वर्षांच्या आत, अजिबात मिळाले नाही तर तीन वर्षांहून किंचित जास्त. सभेने ठराव करताना तीन वर्षे हाच आकडा धरावा, असे माझे मत आहे. त्या वाढीव पाच किलोवॅटला मात्र, पूर्ण उत्पादनाच्या आधीच्या हिशेबाने, अनुदान धरूनही सुमारे सहा वर्षे लागतात. तो पैसा बुडीत नाही, पण पुढे आवारात विजेवरच्या गाड्यांचे चार्जिंग वाढणार असेल तेव्हाच तो खर्च करावा आणि आत्ता फक्त सांगाड्याची जागा राखून ठेवावी.

स्वतःचे पैसे न घालता दुसऱ्या कंपनीने संच बसवायचा आणि आपण ठरलेल्या दराने तिची वीज घ्यायची, असाही पर्याय असतो. शिल्लक निधी नसलेल्या सोसायटीला तो चालेल, पण करार दीर्घ मुदतीचा असतो, दरात वार्षिक वाढ असू शकते आणि पुनर्विकास आला तर संच हलवण्याचा खर्च कोणाचा, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. इमारत सात-आठ वर्षांत पुनर्विकासाला जाणार असेल तर हा मुद्दा स्वतःच्या संचालाही लागू आहे.

पाचवी पायरी: ठराव, अर्ज आणि देयके

ठरावात क्षमता, मीटरचा ग्राहक क्रमांक, खर्चाची कमाल मर्यादा आणि गच्चीचा कोणता भाग वापरायचा हे लिहावे. त्यानंतर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, वीजकंपनीची तांत्रिक तपासणी, नोंदणीकृत ठेकेदाराशी करार, उभारणी, नेट मीटरची चाचणी व जोडणी आणि शेवटी अनुदानाची मागणी असा क्रम असतो. विजेची थकबाकी असेल तर आधी भरावी.

ठेकेदाराला सगळे पैसे उभारणी संपताच देऊ नयेत. पॅनेल बसले पण नेट मीटर आला नाही, अशा मधल्या काळात बाहेर गेलेली वीज कोणाच्याच खात्यात जमा होत नाही. म्हणून दहा टक्के रक्कम नेट मीटर लागून एक पूर्ण बिल बरोबर येईपर्यंत रोखून ठेवावी. करारात फक्त किलोवॅट न लिहिता पहिल्या वर्षी किमान किती युनिटे मिळतील आणि न मिळाल्यास भरपाई कशी होईल, हेही लिहून घ्यावे.

संच सुरू झाल्यावर काय पाहायचे

समितीतील एका सभासदाने महिन्यातून एकदा, त्याच तारखेला, तीन आकडे लिहून ठेवावेत: इन्व्हर्टरवरील एकूण उत्पादन आणि नेट मीटरवरील घेतलेली व दिलेली युनिटे. मीटरच्या पडद्याचा फोटोही काढावा. बिलात दिलेल्या युनिटांच्या जागी शून्य दिसले तर हाच फोटो तक्रारीला जोडता येतो.

महिन्याचे उत्पादन किलोवॅटने आणि दिवसांच्या संख्येने भागून रोजचा आकडा काढावा. स्वच्छ ऊन असलेल्या मार्चच्या आठवड्यात तो ४ च्या खाली असेल तर काहीतरी बिघडले आहे. आधी धुलाई करून पाहावी. ती सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, पॅनेल थंड असताना आणि शक्यतो मऊ पाण्याने करावी, कारण बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात. धुतल्यावर आकडा पाच टक्क्यांहून जास्त वाढला तर दोन धुलायांमधले अंतर कमी करावे. फरक पडला नाही तर इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये दोन्ही साखळ्यांचा प्रवाह पाहावा. सारख्या संख्येच्या, एकाच दिशेच्या साखळ्यांत तो जवळपास सारखा असतो. एकीचा सतत कमी असेल तर सावली, सैल झालेली जोडणी किंवा कबुतरांनी पॅनेलखाली केलेल्या घरट्याजवळची खराब झालेली तार, यांपैकी काहीतरी सापडते. कबुतरांसाठी सुरुवातीलाच कडेने जाळी मारून घ्यावी. दरपत्रकात ती सहसा नसते.

एप्रिलचे बिल आले की शिल्लक युनिटांचे पैसे जमा झाले का आणि नव्या वर्षाचे खाते शून्यापासून सुरू झाले का, हे खजिनदारांनी आपल्या मार्चअखेरच्या नोंदीशी ताडून पाहावे. शिल्लक फार मोठी असेल तर संच आपल्या वापरापेक्षा मोठा झाला आहे, आणि अजिबात नसून बिल अपेक्षेपेक्षा जास्त येत असेल तर पंप किंवा लिफ्टचा वापर वाढला का, हे आधी पाहून मग ठेकेदाराला बोलवावे.